एकवीस मोदक, सकाळी अकरा वाजता

वहिनीने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली ती २०२४ च्या गणपतीत. लिहिणारी घरात एकच, म्हणजे मी, पण त्या वर्षी मजकूर तिने स्वतःच लिहिला आणि मला नंतर दाखवला. "प्रेमाने बनवलेले, आजीच्या हातची चव, शुद्ध, सात्त्विक, घरगुती उकडीचे मोदक! आजच ऑर्डर करा!" खाली तिचा नंबर आणि इंटरनेटवरून घेतलेला एक फोटो. फोटोतल्या मोदकावर केशराच्या काड्या होत्या. वहिनीच्या मोदकांवर नव्हत्या.

तिने व्यवसायाच्या नावाने पान काढलं होतं आणि हा मजकूर त्याच्या माथ्यावर टाचून ठेवला होता. पहिल्यांदा येणाऱ्याच्या नजरेला तोच पडे. दहा दिवसांत तिचा फोन दमला. पुढे पितृपक्षात, धंदा थंड असताना, मी तिच्या फोनवरचे सगळे निरोप वाचून काढले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा ओढत गेले. पहिल्या क्रमांकावर अर्थातच "दर?" हा एका शब्दाचा निरोप. मग "कुठे आहे तुमचं?", "एकवीसचे किती?", "मोदक केवढा असतो?", "घरपोच देता का?", "सकाळी किती वाजता मिळतील?", "सोवळ्यात करता का?" प्रत्येकाला वहिनीने उकड मळता मळता, कोपराने फोन सरकवत उत्तर दिलं होतं. एकीला ३५ रुपये नग सांगितले होते, दुसरीला ४०. दोघी एकाच सोसायटीतल्या निघाल्या.

तरी खरा घोळ दरात नव्हता, संख्येत होता. आलेली एकही ऑर्डर तिने नाकारली नाही. एकवीस-एकवीसच्या चौदा ऑर्डरी झाल्या, म्हणजे २९४ मोदक. ७ सप्टेंबर २०२४, शनिवार, चतुर्थीचा दिवस. साडेअकरा वाजले तेव्हा तीन ऑर्डरी उरल्या होत्या आणि पीठ संपत आलं होतं. गेटवर एक गृहस्थ रिक्षा थांबवून उभे होते, घरी गुरुजी नैवेद्याची वाट बघत होते. शेवटी त्यांनी वाटेत पेढे घेतले. वहिनीने तिघांचे पैसे परत केले, आणि संध्याकाळी आरतीला ती आलीच नाही, आत झोपून राहिली.

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "अगं, या वेळी तूच लिही, तुला शब्द सुचतात." मी म्हटलं, शब्द नंतर, आधी घड्याळ लाव.

आमच्याकडे धंद्याची ओळख लिहायला बसलं की पहिली विशेषणं सुचतात. ग्राहकाला विशेषणं नको असतात. मला हवं ते यांच्याकडे आहे का, मला परवडेल का, मला हव्या त्या वेळी मिळेल का, आणि मिळण्यासाठी आता मी नेमकं काय करायचं, एवढंच त्याला कळायला हवं असतं. यातलं तिसरं उत्तर लिहिणाऱ्याच्या हातात नसतंच, ते स्वयंपाकघराच्या हातात असतं. म्हणून मजकूर मोदकपात्रापासून सुरू करावा लागतो.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही मोजलं. वहिनी आणि तिच्या मदतीला येणाऱ्या मावशी, दोघी ओट्यापाशी, मी घड्याळ घेऊन. वहिनीने एकवीस मोदक पाऊण तासात वळले, मावशींना एक तास लागला. म्हणजे दोघींचे मिळून तासाला पन्नासला एक कमी. पण हे सुरुवातीच्या जोमातलं. उकड एकदम सगळी करून ठेवता येत नाही, गार झाली की पारीला चिरा पडतात. म्हणून वाटी पीठ, वाटी पाणी अशा मापाने ती थोडी थोडी काढायची, गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची, आणि हे दर घाण्याला. शिवाय चार तासांनंतर अंगठा दुखायला लागतो आणि कळ्या जाड व्हायला लागतात. हे सगळं धरून आम्ही तासाला चाळीस हा आकडा धरला. पहाटे साडेचार ते साडेदहा, सहा तास, २४० मोदक.

मला वाटलं होतं अडचण वाफवण्याची असेल. ती नव्हती. तीन ताटल्यांच्या मोदकपात्रात एका वेळी एकवीस बसतात, बारा ते पंधरा मिनिटांत होतात. तासाला चार घाणे म्हणजे ८४. पात्र हातांची वाट बघत बसतं. दुसरं मोदकपात्र घ्यायचं वहिनीच्या मनात होतं, ते पैसे वाचले. तिसरी वळणारी मिळाली तरच संख्या वाढेल हे त्या रविवारी स्पष्ट झालं, आणि चतुर्थीच्या पहाटे स्वतःच्या घरचा गणपती सोडून दुसऱ्याकडे वळायला येणारी बाई मिळणं किती कठीण, हे सांगायला नको.

२४० तून घरच्या नैवेद्याचे एकवीस गेले. काही उकडताना फुटतात, काही उचलताना. विकायला २१०. मजकुरात हा आकडा लिहायचा नव्हता, पण मजकुरातली प्रत्येक ओळ या आकड्यावर उभी होती. मागच्या वर्षी तो नव्हता, म्हणून २९४ झाले.

मग वेळ. चतुर्थीला बहुतेक घरांत नैवेद्य दुपारी बाराच्या आसपास. सगळ्यांनाच मोदक अकरा वाजता हवे असतात आणि ताजे हवे असतात. पहाटेपासून केलेले २१० मोदक अकरा वाजता एकदम द्यायचे, तर साडेपाचचा घाणा पाच-साडेपाच तासांचा होतो आणि गेटवर दहा माणसं उभी राहतात. म्हणून तीन वेळा ठरवल्या: साडेआठ, साडेनऊ आणि अकरा. एका वेळेला सत्तरच मोदक. सत्तर मोदकांचे डबे जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मावतात, हे कारणही त्यात होतं. ग्राहकाला हे कारण कळायची गरज नाही. त्याला फक्त कळावं की तीनपैकी एक वेळ निवडायची आहे आणि अकराची आधी भरते.

ऑर्डरची शेवटची मुदत कधी, हे बाजार ठरवतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका, त्या दिवशी नारळाचा भाव आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. एका नारळात दहा-अकरा मोदकांचं सारण होतं, म्हणजे २३१ मोदकांना बावीस-तेवीस नारळ, आणि एखाददुसरा कुजका निघणार म्हणून पंचवीस. ते फोडायचे, खवायचे आणि आदल्या संध्याकाळी गुळाबरोबर शिजवून सारण गार करायचं. गरम सारण पारीत भरलं की पारी ओली होऊन फाटते. एवढं सगळं उलटं मोजत गेलं की ऑर्डर दोन दिवस आधी रात्री बंद व्हायला हवी. २०२५ साली चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. मुदत सोमवार, २५ ऑगस्ट, रात्री नऊ.

आता दर. वहिनीला पहिल्या वर्षी दर लिहायची लाज वाटली होती. "दरासाठी संपर्क साधा" असं तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते तिला सभ्य वाटलं होतं. माझा अनुभव उलटा आहे. दर नसलेल्या दुकानात माझ्यासारखी माणसं शिरतच नाहीत, आणि शिरतात ती घासाघीस करायला. एकवीस मोदकांना दोन नारळ, पाव किलोच्या आत गूळ, तीनशे ग्रॅमच्या आसपास आंबेमोहोरचं पीठ, तूप, वेलची, खसखस, गॅस आणि डबा असा हिशेब केला, त्यावर वळण्याखवण्याचे तास धरले आणि ३५ रुपये नग ठरला. अकराचे ३८५, एकवीसचे ७३५. सुटे नाहीत. सुट्या सात-नऊच्या ऑर्डरींनी डब्यांचा आणि डोक्याचा दोन्हीचा गोंधळ होतो. लिहिताना नगाचा दर न लिहिता डब्याचाच दर लिहिला, म्हणजे वाचणाऱ्याला गुणाकार करावा लागत नाही आणि "पंधरा द्या ना" हा निरोप येत नाही. (तरी दोन आलेच.)

मोदक केवढा, हे शब्दांत सांगता येत नाही. "मोठा" म्हणजे काय? काट्यावर आमचा मोदक पन्नास ग्रॅमच्या आसपास भरला, तो आकडा दिला. पण कुणाच्या डोळ्यांसमोर पन्नास ग्रॅम उभे राहत नाहीत. म्हणून फोटो काढला तो रोजच्या आमटीच्या वाटीशेजारी मोदक ठेवून, खिडकीच्या उजेडात, केशर नाही, फुलं नाहीत. एक मोदक मधोमध फोडून ठेवला, सारण दिसावं म्हणून. वहिनीला तो फोटो फारच साधा वाटला. पण त्या वर्षी "केवढा असतो?" असं एकानेही विचारलं नाही.

सोवळ्याचा प्रश्न मात्र आम्हाला दोन दिवस पुरला. नैवेद्याचे मोदक आहेत, विचारणाऱ्याचं चुकत नाही. वहिनी सोवळं नेसून करत नाही. मावशी तर रिक्षाने येतात. गुळमुळीत उत्तर दिलं असतं तर चार ऑर्डरी जास्त मिळाल्या असत्या, पण ज्याला खरोखरच सोवळं पाळायचं आहे त्याची ती फसवणूक झाली असती. म्हणून जे आहे तेच लिहिलं: अंघोळ करून, स्वच्छ ओट्यावर, त्या दिवशी स्वयंपाकघरात कांदा-लसूण नाही, सोवळ्यात नाही. एका काकूंनी हे वाचून फोन केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे चालणार नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत." गौरीच्या जेवणानंतर त्यांनीच खाण्यासाठी अकरा मोदक नेले.

पुणेरी पाट्यांची आपण थट्टा करतो. "आमची कोठेही शाखा नाही", "दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील". पण या पाट्या ग्राहकाचा हेलपाटा वाचवतात हे मान्य करायला हवं. काय मिळणार नाही, हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. त्यांचा दोष इतकाच की काय मिळेल आणि कसं, हे सांगायचा त्यांना कंटाळा. आम्ही पाटीचा स्वच्छपणा घेतला आणि आवाज तेवढा खाली आणला. "घरपोच सेवा नाही" याऐवजी लिहिलं, "मोदक घेऊन जायला यावं लागेल, रिक्षा किंवा माणूस पाठवलात तरी चालेल." नकार तोच, पण पुढचा रस्ता दाखवलेला.

घरपोच का नाही, याचं कारणही मोदकातच आहे. डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरवर, उभ्या पिशवीत, खड्ड्यांतून गेलेल्या मोदकांची टोकं मोडतात आणि खालची रांग चपटी होते. डबा कसा भरायचा हेही आम्ही शिकलो. वाफेवरून काढलेले मोदक लगेच झाकले की झाकणाला आतून पाणी धरतं, ते खाली ठिबकतं आणि मोदक चिकट होऊन एकमेकांना बिलगतात. काढताना पारी सोलून येते. दहा मिनिटं ओलसर कापडाखाली वाफ जाऊ द्यायची, खाली केळीचं पान, मोदकांमध्ये बोटभर अंतर, मग झाकण. ग्राहकासाठी यातून एकच ओळ निघाली: सपाट बुडाची पिशवी आणा, डबा आडवा न्या.

आणि दुसरी ओळ, खाण्याची. उकडीचा मोदक पाच-सहा तासांत संपवावा. फ्रीजमध्ये ठेवला की तांदळाची पारी आवळते, कडक होते. बिघडलेला नसतो, पण ग्राहकाला तो कालचा, शिळा वाटतो आणि तक्रार येते. पुन्हा पाच-सात मिनिटं वाफ दिली की मऊ होतो. मायक्रोवेव्हमध्ये कड वाळते. ही ओळ मजकुरात नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "तुमचे मोदक दगडासारखे झालेत." २०२४ मध्ये असे दोन फोन आले होते.

सगळ्यात जास्त खाडाखोड झाली ती ऑर्डर कशी द्यायची या भागात. माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं: पैसे पाठवा, स्क्रीनशॉट पाठवा, ऑर्डर पक्की. वाचायला सुटसुटीत. पण समजा अकराची वेळ भरली आहे आणि रात्री दोन वाजता कुणी ७३५ रुपये पाठवून मोकळं झालं, तर? पैसे आले, जागा नाही, आणि त्या माणसाच्या मनात ऑर्डर झालेली आहे. म्हणून क्रम उलटा केला. आधी विचारा, मी "जागा आहे" म्हणेन, मग अर्धे पैसे, मग मी ऑर्डरचा क्रमांक देईन. क्रमांक मिळाला म्हणजेच पक्की. एक पायरी वाढली, पण भांडणाची जागा गेली.

स्क्रीनशॉट आम्ही मागितलाच नाही. चित्र कुणीही बदलू शकतो, आणि कधी कधी पैसे खरोखरच मध्ये अडकलेले असतात. पाठवणाऱ्याकडे गेल्याचं दिसतं, घेणाऱ्याकडे आलेलं नसतं. वहिनी स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे जमा दिसले की मगच क्रमांक देते. दुसरी गंमत नावांची. ऑर्डर काकू देतात, यूपीआयने पैसे बंगळुरूहून मुलगा पाठवतो. वहिनीच्या खात्यात कुणा तरुणाकडून ३६८ रुपये येतात आणि ते कुणाचे हे कळत नाही. त्यामुळे एक ओळ टाकली: पैसे पाठवताना शेरा म्हणून ऑर्डर देणाऱ्याचं नाव लिहा. आणि पैसे परत करायची वेळ आली तर घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही, हे वहिनीला मी दोनदा बजावलं, कारण फसवणारे विक्रेत्यांनाही तेवढ्याच उत्साहाने गाठतात.

ऑर्डर रद्द झाली तर? मुदतीपर्यंत सगळे पैसे परत, मुदतीनंतर अर्धे परत मिळणार नाहीत, कारण नारळ फुटलेला असतो. हे वाचायला कडक वाटतं, पण आधीच लिहिलेलं असलं की कुणी वाद घालत नाही. वहिनीने मात्र एक अपवाद मनात ठेवला आणि मजकुरात घातला नाही. घरात सुतक आलं तर गणपतीच बसत नाही. अशा घराकडून पैसे ठेवून घ्यायचे नाहीत. २०२५ मध्ये मंगळवारी, सारण शिजत असताना, असा एक फोन आला. तिने काही न विचारता पैसे परत पाठवले आणि ते एकवीस मोदक वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने घेतले.

आणखी एक गोष्ट, जी मोठमोठी विशेषणं वापरणारे विसरतात. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली नोंदणी लागते. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो मजकुराच्या शेवटी टाकला की "शुद्ध" हा शब्द आपोआप गळून पडतो.

शेवटी मजकूर असा झाला:

"उकडीचे मोदक, हाताने कळ्या पाडलेले. डोंबिवली पूर्व.

गणेश चतुर्थी, बुधवार २७ ऑगस्ट २०२५ साठी ऑर्डर घेत आहोत. ११ मोदकांचा डबा ३८५ रुपये, २१ मोदकांचा ७३५ रुपये. एक मोदक साधारण ५० ग्रॅम. फोटोत वाटीशेजारी ठेवला आहे.

आत ओला नारळ, गूळ, वेलची, खसखस. वर आंबेमोहोर तांदळाची उकड, त्यात तूप आणि मीठ. सुका मेवा नाही. अंघोळ करून, स्वच्छ ओट्यावर करतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसतो. सोवळ्यात करत नाही.

मोदक घेऊन जायला यावं लागेल. रिक्षा किंवा माणूस पाठवलात तरी चालेल. वेळा: ८.३०, ९.३० आणि ११. सपाट बुडाची पिशवी आणा.

ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी लिहा: नाव, संख्या, वेळ. जागा असल्याचं मी कळवलं की अर्धी रक्कम पाठवा. शेऱ्यात तुमचं नाव लिहा. पैसे जमा झाले की ऑर्डरचा क्रमांक देईन. क्रमांक मिळाला म्हणजे ऑर्डर पक्की. सोमवार २५ ऑगस्ट, रात्री ९ ला ऑर्डर बंद. त्याआधी भरल्या तर इथेच सर्वांत वर लिहीन. तोपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, नंतर नाही.

मोदक त्याच दिवशी, पाच-सहा तासांत खावेत. गार झाले तर पाच मिनिटं वाफ द्या. हे दर फक्त या चतुर्थीपुरते."

शेवटच्या वाक्याबद्दल सांगायला हवं. माथ्यावर टाचलेला मजकूर महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि लोक तो आजचा समजून वाचतात. नारळाचा भाव मात्र तेवढे दिवस थांबत नाही. माघी गणेश जयंतीला कुणी भाद्रपदातला दर दाखवला तर बोलायला जागा राहत नाही. म्हणून तारीख आणि "या चतुर्थीपुरते". चतुर्थी उलटली की वहिनी वरच्या दोन ओळी बदलते: पुढची अंगारकी किंवा संकष्टी कधी, ऑर्डर सुरू आहेत की नाहीत. फोनवर तेवढ्याच ओळी आधी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. त्यामुळे पहिल्या दोन ओळींत पदार्थ, गाव आणि तारीख. डोंबिवली हा शब्द नसता तर बोरिवलीहूनही निरोप आले असते. मागच्या वर्षी आले होते.

शनिवारी संध्याकाळी ऑर्डरी भरल्या. एकवीसच्या सहा, अकराच्या सात, एकूण २०३. "दर?" असं विचारणारे या वेळीही होते, न वाचणारा माणूस कधीच संपत नाही. पण वहिनी त्यांना तोच मजकूर पाठवायची आणि उकडीकडे वळायची.

चतुर्थीच्या सकाळी सगळं घड्याळाप्रमाणे चाललं होतं. अकरा वाजता सातव्या क्रमांकाच्या काकू आल्या, डबा उघडून मोजला आणि म्हणाल्या, "अहो, हे अकराच आहेत." वहिनीने फोन काढला. काकूंनी निरोपात नाव लिहिलं होतं आणि पुढे नुसतं "११". वहिनीने ती संख्या धरली आणि अकराच्या डब्याचे अर्धे पैसे, १९३ रुपये मागितले. काकूंच्या मनात ती वेळ होती. एकवीस मोदक, सकाळी अकरा वाजता. मुलाने पैसे पाठवले, किती ते त्यांनी पाहिलं नाही. तीन गोष्टींपैकी दोनच आल्या होत्या, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मजकूर लिहिणारी मी, अकरा मोदकांच्या डब्याबरोबर अकराची वेळ ठेवताना माझ्याही डोक्यात आलं नाही.

जादाचे मोदक फुटण्यात गेले होते. वहिनीने आमच्या घरच्या एकवीसमधले दहा उचलून काकूंच्या डब्यात भरले. आमच्या गणपतीपुढे अकरा ठेवले. जेवताना दादाच्या पानात एकच मोदक आला तेव्हा त्याने काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

आता मजकुरात वेळा अक्षरी आहेत: सकाळी साडेआठ, साडेनऊ आणि पावणेअकरा.